‘ये ना’ आणि ‘येना’: वाक्याच्या शेपटीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा छापून आली. शेवटच्या प्रसंगात म्हातारी आई मुलाला फोनवर एवढंच म्हणते, ‘ये ना घरी.’ अंक हातात आला तर तिथे छापलं होतं, ‘येना घरी.’ मधली जागा जुळणीत कुणीतरी गिळली होती. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. ‘कथा वाचली गं. पण शेवटी कोण येईना घरी, ते काही कळलं नाही बघ.’

मावशीचं बरोबर होतं. मराठीत ‘ना’ दोन आहेत. एक नकाराचा, तो क्रियापदाला चिकटून येतो: पाऊस थांबेना, पोर ऐकेना, झोप येईना. बोलताना या ‘येईना’चं ‘येना’ सहज होतं. दुसरा ‘ना’ सुटा राहतो, आणि त्यात नकार औषधालाही नसतो: ये ना, बस ना, सांगितलं ना. तोंडी बोलताना हेल वेगळा असल्यामुळे घोटाळा होत नाही. कागदावर हेल नसतो, तिथे एका मोकळ्या जागेवर सगळं भागवावं लागतं. ‘ऐक ना’ म्हणजे विनवणी. ‘कर ना’ जोडून लिहिलं तर थेट हिंदी होतं, आणि फोनचा कीबोर्ड मोठ्या उत्साहाने तेच सुचवतो.

हे ना, की, रे, गं, हो म्हणजे वाक्याच्या शेवटी लागणारे एका अक्षराचे शब्द. शाळेच्या व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांच्या धड्याच्या शेवटी ‘व्यर्थ उद्गारवाची’ आणि ‘पादपूरणार्थक’ अशी दोन खाती असायची. ‘बरं का’, ‘म्हणे’, ‘आपला’, ‘मेलं’ असे शब्द तिथे टाकलेले. व्यर्थ! त्या धड्यामुळेच असेल, पण लिहायला बसलं की आपण हे बारके शब्द आधी उडवतो, आणि मग संवाद बातमीपत्रासारखा का वाटतोय म्हणून डोकं खाजवतो.

ते काय करतात हे कळायला एकच वाक्य तीन तऱ्हांनी लिहून बघू. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला विचारायचंय.

‘तुम्ही कोल्हापूरचे का?’ मला ठाऊक नाही, म्हणून विचारतोय.

‘तुम्ही कोल्हापूरचे ना?’ मला ठाऊक आहे किंवा अंदाज आहे, तुम्हाला तर आहेच, फक्त मान हलवा.

‘आम्ही कोल्हापूरचे की!’ हे त्याचं उत्तर. तुम्हाला शंका कशी आली? उघड आहे की.

बातमी तिन्हींत एकच, कोल्हापूर. बदलतंय ते हे, की कुणाला काय ठाऊक आहे असं बोलणारा धरून चाललाय. ‘का’मध्ये माहिती समोरच्याकडे आहे. ‘ना’मध्ये ती दोघांची सामाईक आहे, निदान तसं गृहीत धरलंय. ‘की’मध्ये ती माझ्याकडे आहे आणि तुझ्या मनात तिच्याबद्दल किंतु आहे. रे, गं आणि हो यांचा माहितीशी संबंध नाही. ते फक्त तोंड ऐकणाऱ्याकडे वळवतात.

एवढं हाताशी ठेवलं की बाकीचं त्यातूनच निघतं. मित्राने विचारलं, ‘पाचशे रुपये आहेत?’ त्यावर ‘नाही’ म्हटलं तर विषय संपला, आणि जरा मैत्रीही. ‘नाही रे’ म्हटलं तर नकार तोच, पण तो देताना त्याच्या खांद्यावर हात आहे. ‘नाही ना’ म्हटलं तर, माझीच पंचाईत झालीय, तुला कल्पना आहेच. आणि त्याने ‘माझे पाचशे रुपये तूच घेतलेस?’ असं विचारलं असेल तर उत्तर येईल, ‘नाही की!’ कारण आता त्याच्या मनातला समज खोडायचाय. हे ‘नाही की’ पहिल्या प्रश्नाला देऊन बघा, चुकीच्या दाराची किल्ली लावल्यासारखं होतं.

आता ‘ना’ जरा जवळून बघू, कारण लिहिताना सर्वांत जास्त उपयोग त्याचा आणि सर्वांत जास्त गैरवापरही त्याचाच. ‘बस’ ही आज्ञा. ‘बस ना’ ही विनवणी. कारण ‘ना’ म्हणतो की बसायला हरकत नाही हे आपल्या दोघांना माहीत आहे. पण हाच सामाईकपणा उलटतोही. ‘सांगितलं ना!’ यात वैताग आहे, कारण जे दोघांना ठाऊक असायला हवं ते तू विसरलास. म्हणूनच वरिष्ठांना ‘फाइल पाठवलीत ना?’ असं लिहिलं की ते नम्र वाटत नाही. आपल्याला वाटतं आपण मऊ बोललो; वाचणाऱ्याला ऐकू येतं, ‘पाठवायची ठरली होती, लक्षात आहे ना?’ तिथे ‘पाठवलीत का?’ जास्त सभ्य.

या ‘ना’ची एक जागा अशी आहे जी समजावून सांगणाऱ्या लेखकाला सोन्याची आहे. पुस्तकी मराठीत उपमा द्यायची तर आपण ‘ज्याप्रमाणे… त्याप्रमाणे’ची बैलजोडी जुंपतो. ‘ज्याप्रमाणे गिरणीत डबे नंबराने लागतात, त्याप्रमाणे प्रिंटरकडे आलेली कामेही रांगेत उभी राहतात.’ बोलताना असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, ‘गिरणीत डबे नंबरानं लागतात ना, तशीच प्रिंटरकडे आलेली कामं रांगेत थांबतात.’ ‘ज्याप्रमाणे’ गेलं, ‘त्याप्रमाणे’ गेलं, आणि वाचकाने मधेच ‘हो’ म्हणून मान हलवली. ही मान हलवण्याची जागा ‘ना’ने करून दिली.

पण अट तीच: गोष्ट वाचकाला खरोखर माहीत हवी. ‘इलेक्ट्रॉनला स्पिन असतो ना, तसंच…’ असं लिहिलं की ज्याला स्पिन माहीत नाही तो वाचक तिथेच गळतो, वर त्याला कमीपणाही वाटतो. मी दुसऱ्यांचे लेख तपासायला घेते तेव्हा प्रत्येक ‘ना’पाशी थांबून विचारते, वाचक इथे मनात ‘हो’ म्हणेल का? तो ‘कुठे?’ म्हणणार असेल तर ‘ना’ काढायचा आणि ती गोष्ट आधी सांगायची.

‘ना’च्या आधी स्वल्पविराम देऊ नये. ‘तू येणार, ना?’ हे हल्ली बरंच दिसतं आणि ते इंग्रजीच्या सवयीतून आलंय. मराठीत ‘येणार ना’ एका श्वासात येतं. स्वल्पविराम द्यायचाच तर नंतर: ‘काल ना, गंमतच झाली.’ वाक्याच्या मधला हा ‘ना’ ऐकणाऱ्याला धरून ठेवतो, थांब, पुढे आहे अजून. लहान मुलं तर प्रत्येक शब्दानंतर तो टाकतात: मी ना, काल ना, शाळेत ना. कथेत सहा वर्षांचं पोर उभं करायचं असेल तर याहून स्वस्त साधन नाही. पण चाळिशीच्या वकिलाच्या तोंडी असे तीन ‘ना’ घातले की पक्षकार पळून जाईल.

‘की’चं दुखणं निराळं. त्याच्याकडे आधीच खूप कामं आहेत. ‘तो म्हणाला की…’ यात तो दोन वाक्यं जोडतो. ‘चहा की कॉफी’ यात निवड करायला लावतो. ‘पाऊस आला की कपडे काढ’ यात तो ‘आल्यावर’ असं सांगतो. आणि शेवटी बसला की ठासून सांगतो. त्यामुळे ‘तो आला की सांग’ आणि ‘तो आला की! सांग’ यांच्यात फरक फक्त एका चिन्हाचा. म्हणून शेवटच्या ‘की’नंतर पूर्णविराम किंवा उद्गारचिन्ह न विसरता द्यावं, आणि त्याच वाक्यात जोडणारा ‘की’ आधी आला असेल तर एकाला रजा द्यावी. ‘तो म्हणाला की मी आलो की’ हे डोळ्यांना अडखळतं. ‘‘आलो की,’ तो म्हणाला’ असं फिरवलं की मोकळं होतं. आणि ‘की’ दीर्घ. ‘कि’ लिहिणारा हिंदीतून आलेला असतो किंवा घाईत असतो.

या शेवटच्या ‘की’ला गाव आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे तो पाण्यासारखा वापरतात. ‘या की’, ‘बसा की’, ‘जेवा की’ हे तिकडचं साधं आदरातिथ्य. पुण्या-मुंबईचा माणूस त्याच दारात ‘या ना’ म्हणेल. पुण्याच्या कानाला ‘या की’मध्ये किंचित आव्हान ऐकू येतं, अडलंय कुठे? आणि कोल्हापूरकराला ‘या ना’ जरा लाडीक वाटतं. दोघंही बरोबर आहेत. पण लेखकाने हे ध्यानात ठेवावं. कोल्हापूरच्या पैलवानाच्या तोंडी ‘बसा ना’ घातलं की पात्राचा पत्ताच बदलतो. त्याच्या प्रत्येक ‘ळ’ आणि ‘न’ची उलथापालथ करून बोली दाखवण्यापेक्षा योग्य जागी दोन ‘की’ पुरतात. सगळे उच्चार मोडून लिहिलेली बोली वाचायला त्रास होतो. ‘जेवलो की’ वाचायला काहीच त्रास होत नाही आणि माणूस तिकडचाच वाटतो.

आता रे, गं, हो. हे तिघं लेखकाला एक गोष्ट फुकट देतात: ऐकणारा कोण ते. मी बाई आहे हे मी ‘तपासायला घेते’ असं लिहिण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला कळलं होतं. कसं? मावशीच्या ‘कथा वाचली गं’वरून. त्या एका टिंबवाल्या अक्षराने फोनच्या या टोकाला कोण आहे, बोलणारीशी तिचं नातं किती जवळचं आहे, हे दोन्ही सांगून टाकलं. इंग्रजीतल्या संवादाला यासाठी ‘ती म्हणाली’, ‘भावाने विचारलं’ अशा खुंट्या ठोकाव्या लागतात. मराठीत संवाद स्वतःच सांगतो.

रे पुरुषाला किंवा मुलाला, गं बाईला, आणि ज्याला अहो-जाहो करतो त्याला हो. पोरांच्या घोळक्यालाही रे चालतो: ‘काय रे, कुठे चाललात?’ क्रियापद अनेकवचनी आहे तरी. ‘आई गं!’ आणि ‘बाप रे!’ यांत मात्र ऐकणारा कुणीच नसतो, ती दुखण्याची आणि आश्चर्याची हाक उरलीय. नात्यांमध्ये काय बदललं तेही इथे वाचता येतं. माझ्या आजोळी आईला ‘गं’ आणि वडिलांना ‘हो’ असा नेम होता. ‘बाबा, द्या ना हो.’ आज माझा भाचा बापाला सरळ ‘दे ना रे बाबा’ म्हणतो. साठ वर्षांपूर्वीच्या घरातला प्रसंग लिहिताना मुलाच्या तोंडी वडिलांसाठी हा ‘रे’ आला तर कंदील, धोतर, पितळी तांब्या सगळं फुकट जातं.

विदर्भात ‘काय गा, कुठं चालला?’ असा ‘गा’ ऐकू येतो. ऐकणारा अर्थात पुरुष. पुण्याकडच्या कुणाला तो गावठी वाटत असेल तर त्याने ज्ञानेश्वरी उघडावी. शके 1212च्या त्या ग्रंथात अर्जुनाला उद्देशून हा ‘गा’ जागोजागी आलाय. पुण्याकडे तो मागे पडला, पूर्वेला मात्र टिकून राहिला. नागपूरकडे मित्रामित्रांत ‘बे’ही आहे, ‘काय बे’ हे दोस्तीत गोड आणि अनोळखी माणसाला म्हटलं तर भांडण.

यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी ना किंवा की किंवा का, मग रे. ‘ये ना रे’, ‘चल की गं’, ‘आलास का रे’. आधी बोलण्याची तऱ्हा ठरते, मग तोंड वळतं. ‘ये रे ना’ कुणी म्हणत नाही. मात्र प्रश्नाच्या शब्दाला रे थेट चिकटू शकतो: ‘कुठे रे होतास?’ यात काळजी किंवा जाब पुढे येतो. ‘कुठे होतास रे?’ त्यामानाने सैल.

आता एक छोटा संवाद उघडून बघू. आधी कोरडा.

‘आईला फोन केलास?’
‘केला.’
‘काय म्हणाली?’
‘डॉक्टरकडे येत नाही म्हणाली.’
‘तू समजावलं नाहीस?’
‘समजावलं. तिला भीती वाटते.’
‘उद्या जाऊ या.’
‘उद्या मला सुट्टी नाही.’
‘रविवारी येशील?’

व्याकरणात चूक नाही. पण दोघं पोलीस चौकीत बसल्यासारखे वाटतात. कोण कुणाचं कोण, पत्ता नाही. आता तोच संवाद:

‘आईला फोन केलास ना?’
‘केला की.’
‘काय म्हणाली?’
‘डॉक्टरकडे येत नाही म्हणाली.’
‘तू समजावलं नाहीस?’
‘समजावलं ना! भीती वाटते रे तिला.’
‘उद्या जाऊ या.’
‘उद्या मला सुट्टी नाही.’
‘रविवारी तरी येशील ना गं?’

नऊ ओळींत सात शब्द घातले. पहिल्या ‘ना’ने कळलं की फोन करायचं आधीच ठरलं होतं, आणि विचारणाऱ्याला जरा धाकधूक आहे. ‘केला की’ने ती धाकधूक तिला टोचल्याचं कळलं, तुला काय वाटलं, विसरले? पुढच्या तीन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. ‘काय म्हणाली?’ हा खरा प्रश्न आहे, माहिती त्याच्याकडे नाही, तिथे ‘ना’ बसत नाही. आईचं म्हणणं ही नुसती बातमी आहे. ‘तू समजावलं नाहीस?’ यात ‘का गं’ घालता आलं असतं, पण मग आरोपाची धार गेली असती आणि पुढचा ‘समजावलं ना!’ उगाच चिडल्यासारखा वाटला असता. त्यापाठोपाठ लगेच ‘भीती वाटते रे तिला’. हा रे म्हणजे वळण. वैताग संपला, आता ती भावाशी बोलतेय. शब्दांचा क्रमही बदलला बघा, ‘तिला’ मागे गेली. हे शब्द आले की वाक्याची मांडणी सहसा अशी सैल होते, आणि ती केली नाही तर रे वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

‘उद्या मला सुट्टी नाही’ ही ओळही कोरडीच ठेवली. ‘नाही रे’ सहज आलं असतं. पण रे नुकताच येऊन गेलाय, आणि इथे ती खरंच अडकलीय, मऊ करत बसायला वेळ नाही. त्या कोरडेपणामुळे शेवटच्या ओळीला काम उरलं. आधीच्या ‘रे’ने भाऊ दाखवला होता, या ‘गं’ने बहीण दाखवली. ‘ना’ने विनवलं, आणि ‘तरी’ने मान्य केलं की उद्याचं काही खरं नाही.

समजा प्रत्येक ओळीला शेपूट लावलं असतं: ‘काय म्हणाली गं?’, ‘येत नाही म्हणाली रे’, ‘उद्या जाऊ या ना’, ‘सुट्टी नाही ना रे’. मालिकेतलं स्वयंपाकघर तयार. नाडी लागते ती ठोका आणि मधला थांबा दोन्ही असल्यामुळे. तपासायची माझी पद्धत साधी आहे: एकेक शब्द बोटाने झाकायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. झाकल्यावर बोलणाऱ्याचा चेहरा बदलला तर तो शब्द ठेवायचा. काहीच बदललं नाही तर काढायचा.

एक गोष्ट मात्र झाकून कळत नाही, ती वाक्याच्या कापडातच असते. ‘मी तुला सांगितले होते ना’ हे वाक्य वाचा. कडक इस्त्रीचा सदरा आणि खाली स्लिपर. ‘सांगितले होते’ हे लेखी रूप, ‘ना’ बोलण्यातला. ‘सांगितलं होतं ना’ म्हटलं की जुळतं. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे, त्यामुळे इथे घाबरायचं कारण नाही. पण लेख ‘केले, झाले, असे’ याच रूपांत लिहायचा ठरला असेल, उदाहरणार्थ सोसायटीची नोटीस किंवा बँकेला अर्ज, तर शेपटीचे शब्द बाहेरच ठेवावेत. ‘देखभाल शुल्क दहा तारखेपूर्वी भरावे ना’ असं लिहिलं तर सेक्रेटरीची कीव येऊन तरी कुणी भरेल, पण ते सोडा.

लेखात वाचकाशी बोलताना अडचण येते ती रेची. वाचक एकटा बसून वाचतोय, पण तो पुरुष आहे की बाई, मला कसं कळणार? ‘हे सोपं आहे रे’ म्हटलं की निम्मे वाचक बाहेर. ‘गं’ म्हटलं की उरलेले. ‘हो’ सगळ्यांना चालतो, पण ‘सोपं आहे हो’ लिहिताना मी अचानक चष्मा नाकावर घेऊन ओट्यावर बसलेली आजी होते. म्हणून लेखात ना, की आणि बरं का यांच्यावरच भागवते, कारण त्यांना लिंग नाही. या लेखात माझ्या स्वतःच्या आवाजातला रे एकदाही आलेला नाही. गं आला तो मावशीचा होता, आणि तिला मात्र मी त्या येनाचा खुलासा फोनवरच केला: ‘अगं, येईना नाही गं मावशी, ये ना. ती बोलावतेय त्याला.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग मावशी म्हणाली, ‘बाई बाई. मग रडायला हवं होतं की मी.’